झाकण उघडणारा फोन परत येतोय का?

युरोपीय संघाच्या बॅटरी कायद्यातलं एक कलम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होणार आहे. वस्तूतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे, असं ते कलम सांगतं. त्यावरून ‘काढता येणारी बॅटरी परत येणार’ असा बोलबाला झाला. फोन घ्यायचाय पण २०२७ पर्यंत थांबावं का, असंही लोक विचारू लागले. नोकियाच्या फोनचं मागचं झाकण अंगठ्याने सरकवून आतली ‘बीएल-५सी’ बॅटरी काढणारी पिढी अजून पन्नाशीतही नाही. त्यामुळे या बातमीने अनेकांना बरं वाटणं साहजिक आहे.

पण नियम नीट वाचले तर चित्र वेगळं दिसतं. नखाने उघडणारं झाकण फोनला हवंच, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. नियम जे मागतात ते ग्राहकाच्या जास्त कामाचं आहे. फक्त ते दुकानात फोन हातात घेऊन दिसत नाही, विचारावं लागतं. ते समजून घ्यायचं, तर आधी झाकण गेलं कसं ते पाहायला हवं.

एका वर्षातला बदल

झाकण कसं गेलं हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते सॅमसंगच्या लागोपाठच्या दोन फोनमध्ये. २०१४ साली आलेल्या गॅलॅक्सी एस५ची पाठ प्लास्टिकची होती. कडेच्या खाचेत नख घालून ती उघडायची, आत २८०० एमएएचची बॅटरी. झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची बारीक पट्टी फिरवलेली होती, आणि त्या पट्टीच्या जोरावर फोनला ‘आयपी६७’ दर्जा मिळाला होता. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जायचं नाही. झाकण नीट बसलंय ना ते तपासा, अशी आठवण फोन स्क्रीनवर करून द्यायचा. मग चारी कडांवरून बोट दाबत फिरवायचं.

२०१५ साली गॅलॅक्सी एस६ आला. पुढे-मागे काच, कडेला धातूची चौकट, बॅटरी आत चिकटवलेली. जाडी ८.१ मिलिमीटरवरून ६.८ वर आली. बॅटरी मात्र २८०० वरून २५५० एमएएचवर घसरली आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जाही गेला. बॅटरी बंदिस्त केली ती पाण्यासाठी, हे कारण आपण नेहमी ऐकतो. ते पूर्ण खरं नाही, हे या दोन फोनवरूनच कळतं. झाकण उघडणारा फोन पाणी अडवत होता आणि बंद पाठीचा फोन अडवत नव्हता. बंद पाठीत पाणी अडवणं सोपं आणि खात्रीचं जातं, एवढं खरं. पुढच्याच वर्षी आलेल्या एस७ला ‘आयपी६८’ दर्जा मिळाला. रबराच्या पट्टीत केस अडकला किंवा वाळूचा कण बसला की झाकण लावूनही पाणी आत जातं. कारखान्यात एकदाच लावलेल्या डिंकाला ही भीती नसते.

मग एस६ने मिळवलं काय? दिसणं आणि हाताला लागणारा स्पर्श. एस५च्या बारीक ठिपक्यांच्या प्लास्टिक पाठीला लोकांनी नावं ठेवली होती आणि त्याची विक्रीही कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नव्हती. ॲपलने २००७ च्या पहिल्या आयफोनपासूनच बॅटरी आत बंद ठेवली होती आणि ग्राहकाने ती गोष्ट मनावर घेतली नव्हती. २०१६ साली एलजीने व्ही२० हा महागडा फोन काढता येणारी बॅटरी देऊन बाजारात आणला, पण तेवढ्यासाठी लोक त्याच्याकडे वळले नाहीत. आपल्याकडे स्वस्त फोनमध्ये झाकण आणखी काही काळ टिकलं. २०१७ च्या मोटो जी५मध्ये ते होतं, जिओफोनमध्येही होतं. कंपन्यांनी झाकण काढून घेतलं हे खरं, पण बहुतेक ग्राहकांना त्याची उणीव विकत घेताना जाणवली नाही, हेही तितकंच खरं. ती जाणवते दोन-तीन वर्षांनी.

जागा खाणाऱ्या भिंती

दिसण्यापलीकडे एक ठोस कारण आहे, ते म्हणजे आतली जागा. जी बॅटरी माणसाच्या हातात पडणार, खिशात किल्ल्यांबरोबर फिरणार, जमिनीवर आपटणार, तिला कडक कवच लागतं. म्हणून जुन्या बॅटऱ्यांचा सेल ॲल्युमिनियमच्या डबीत असे आणि टोकांना प्लास्टिकच्या टोप्या असत. फोनमध्ये तिच्यासाठी चारी बाजूंनी भिंती असलेला कप्पा, स्प्रिंगसारखे दबणारे संपर्कबिंदू आणि वर झाकण. ही प्रत्येक गोष्ट मिलिमीटरचा काही भाग खाते.

बंद फोनमधला सेल मात्र खाऊच्या पाकिटासारखा असतो. ॲल्युमिनियमच्या पातळ, मऊ पिशवीत इलेक्ट्रोडचे थर भरून कडा बंद केलेल्या असतात. बाहेरचं कवच म्हणजे खुद्द फोनची चौकट. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त क्षमता बसते आणि हवा तसा आकारही देता येतो. २०१७ च्या आयफोन एक्समध्ये तर दोन सेल जोडून इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची बॅटरी बसवली होती. शिवाय झाकणाच्या बंधनातून मोकळी झालेली पाठ वायरलेस चार्जिंगच्या कॉइलला वापरता आली.

पण त्या पातळ पिशवीची किंमत दुरुस्तीच्या टेबलावर मोजावी लागते. टोकदार वस्तू लागली किंवा ती वाकली तर आतले थर एकमेकांना टेकतात, शॉर्ट होतात आणि काही सेकंदांत धूर-आग सुरू होते. अशी वस्तू उघड्या हाती ग्राहकाच्या स्वाधीन करायला कंपन्या कचरतात, यात थोडा स्वार्थ असला तरी थोडं तथ्यही आहे. बनावट बॅटरी फुटली तरी नाव कंपनीचंच खराब होतं. मात्र ‘बंद म्हणून सुरक्षित’ हे समीकरणही टिकत नाही. २०१६ साली आगीच्या घटनांमुळे परत मागवावा लागलेला गॅलॅक्सी नोट ७ बंद पाठीचाच होता. २००७ साली नोकियाने ४.६ कोटी ‘बीएल-५सी’ बॅटऱ्यांबाबत तापण्याच्या धोक्याची सूचना काढली, तेव्हा ग्राहकाने फक्त बॅटरी बदलून घ्यायची होती. नोट ७च्या ग्राहकाला अख्खा फोन परत करावा लागला.

फोन म्हातारा की बॅटरी?

लिथियम-आयन बॅटरी झिजते ती वापरली म्हणून, आणि नुसती पडून राहिली तरीही. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत येतात. या ये-जा करण्यात थोडं लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर साचणाऱ्या एका पातळ थरात कायमचं अडकतं. तो थर हळूहळू जाड होतो. परिणाम दोन: साठवण कमी होते आणि बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो.

साठवण कमी झाली की बॅटरी लवकर उतरते, हे सगळ्यांना कळतं. विरोध वाढला की काय होतं, ते मात्र बहुतेकांना बॅटरीचं दुखणं वाटतच नाही. फोन २५ टक्क्यांवर असतो, तुम्ही फ्लॅश लावून फोटो काढता. क्षणभर जास्त विजेची मागणी होते, म्हाताऱ्या बॅटरीचा व्होल्टेज खाली कोसळतो आणि फोन पटकन बंद पडतो. चार्जरला लावला की पुन्हा २० टक्के दाखवतो. आपण म्हणतो, ‘फोन गेला आता.’ डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने हेच टाळण्यासाठी जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केल्याचं मान्य केलं आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. नवी बॅटरी पडली की तेच फोन पुन्हा पूर्ण वेगाने चालू लागले. ज्यांनी दरम्यान नवा फोन घेतला होता, त्यांनी बॅटरीच्या दुखण्यावर फोनचा खर्च केला होता.

झीज मोजण्याचं एकक म्हणजे चक्र. एकूण शंभर टक्के वापर झाला की एक चक्र. आज ६० टक्के आणि उद्या ४० टक्के वापरलेत तर दोन दिवसांत एक चक्र. रोज साधारण ८० टक्के वापर धरला, तर ८०० चक्रं संपायला १००० दिवस लागतात, म्हणजे पावणेतीन वर्षं. १००० चक्रांना १२५० दिवस, म्हणजे जवळपास साडेतीन वर्षं. चक्रं संपली म्हणजे बॅटरी मेली असं नाही. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत ती उतरली, एवढाच त्याचा अर्थ.

टेबलावर काय घडतं

बंद पाठीच्या साध्या अँड्रॉइड फोनची बॅटरी बदलताना एकदा शेजारी उभं राहून बघावं. चांगला कारागीर आधी फोनचं चार्जिंग पाव भागाच्या खाली उतरवून घेतो, कारण कमी भरलेली बॅटरी चुकून टोचली तरी तिच्यात भडकायला कमी ऊर्जा असते. मग पाठ गरम प्लेटवर किंवा हीट गनखाली धरून डिंक मऊ करायचा. रबरी कपाने पाठ किंचित उचलायची, फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवायची आणि ती कडेकडेने फिरवत डिंक कापायचा. पट्टी जास्त आत गेली तर बोटाच्या ठशाच्या सेन्सरची किंवा बटणांची फीत कापली जाते. पाठ निघाली की बारीक स्क्रू, त्याखालची संरक्षक पट्टी आणि मग बॅटरीचा कनेक्टर सगळ्यात आधी सुटा करायचा.

खरा कस लागतो तो यानंतर. बॅटरी चौकटीला चिकटलेली असते. काही फोनमध्ये खाली ओढायची पट्टी दिलेली असते; ती सरळ ओढली की बॅटरी अलगद सुटते. जिथे पट्टी नाही किंवा ती तुटते, तिथे अल्कोहोलचे थेंब सोडून डिंक विरघळवायचा आणि प्लास्टिकच्या कार्डाने बॅटरी हळूहळू सोडवायची. इथे घाई करून धातूचा स्क्रू-ड्रायव्हर घालणारा कारागीर दिसला, तर फोन परत मागून घ्यावा. पिशवी वाकते ती इथेच, आणि धोका आहे तोही इथेच. शेवटी नवी बॅटरी, कडांना नवा डिंक, थोडा वेळ दाब. जुन्याच डिंकावर पाठ दाबून दिली असेल तर फोन दिसायला ठाकठीक असतो, पण त्याचं पाण्यापासूनचं संरक्षण संपलेलं असतं.

एवढ्या सगळ्यात बॅटरी बदलायला लागणारा वेळ जेमतेम काही मिनिटांचा. बाकी सगळा वेळ डिंकाशी झटण्यात जातो. म्हणून नियमांचा रोख झाकणावर नसून डिंकावर आहे.

नियम नेमकं काय मागतात

नियम दोन आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. पहिला म्हणजे वर सांगितलेला बॅटरी कायदा, जो खेळण्यांपासून इअरफोनपर्यंत सगळ्या लहान बॅटऱ्यांना धरून आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या हत्यारांनी बॅटरी निघाली पाहिजे, तिच्यासाठी उष्णता किंवा द्रावक लागता कामा नये. खास हत्यार लागत असेल तर ते वस्तूबरोबर फुकट द्यावं. दुसऱ्या बनावटीची चालणारी बॅटरी टाकली म्हणून सॉफ्टवेअरने अडथळा आणू नये, असंही तो सांगतो.

दुसरा नियम फक्त फोन आणि टॅबलेटसाठी आहे. तो जास्त नेमका आहे आणि २० जून २०२५ पासून युरोपात लागूही झालाय. त्यात कंपनीपुढे दोन वाटा ठेवल्या आहेत. पहिल्या वाटेने गेलं तर साध्या माणसाला, घरच्या घरी, साध्या हत्यारांनी बॅटरी बदलता आली पाहिजे आणि सुटी बॅटरी त्याला विकतही मिळाली पाहिजे. दुसऱ्या वाटेने गेलं तर बॅटरी फक्त कारागिरानेच बदलावी अशी रचना चालते, पण तीन अटींवर: ५०० चक्रांनंतर निदान ८३ टक्के क्षमता उरली पाहिजे, १००० चक्रांनंतर निदान ८० टक्के उरली पाहिजे आणि फोन धूळ तसंच एक मीटर पाण्यात अर्धा तास सोसणारा असला पाहिजे.

झाकण परत न येण्याचं कारण या दुसऱ्या वाटेत आहे. महागडे फोन आधीच पाणी अडवतात आणि त्यांच्या बॅटऱ्या हजार चक्रांपर्यंत नेणं आता कंपन्यांना जमतं. ते आपली पाठ बंदच ठेवतील. पण त्या बदल्यात टिकाऊपणाचं जे बोलणं पूर्वी जाहिरातीत असायचं, ते आता कायद्याने तपासता येणारं झालंय. युरोपात विकल्या जाणाऱ्या फोनच्या खोक्यावर आपल्याकडच्या फ्रीजसारखं ऊर्जालेबल असतं. बॅटरी किती चक्रं टिकेल, एका चार्जवर किती तास चालेल, फोन पडणं किती सोसेल आणि दुरुस्तीला किती सोपा आहे, हे सगळं त्यावर छापलेलं असतं. याशिवाय त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग आणि पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट देणं बंधनकारक आहे.

डिंकाच्या बाबतीतही हालचाल दिसते. २०२४ च्या आयफोन १६मध्ये बॅटरीखाली असा डिंक आहे, की त्यातून ९ व्होल्टची वीज साधारण दीड मिनिट सोडली की तो आपोआप पकड सोडतो. पाठ बंदच राहिली, पण बॅटरी खरवडून काढण्याचा धोका गेला. डच कंपनी फेअरफोन मात्र पहिल्या वाटेने चालते. तिच्या फेअरफोन ५ची पाठ नखाने उघडते, आत ४२०० एमएएचची बॅटरी आहे आणि पाण्यापासून संरक्षण ‘आयपी५५’ इतकंच, म्हणजे शिंतोडे सोसणारं, बुडणं नाही.

एक जोडी पडताळून पाहू

काढता येणाऱ्या बॅटरीसाठी नेमकं काय द्यावं लागतं, हे एका जोडीवरून कळेल. सॅमसंगचा गॅलॅक्सी एक्सकव्हर७ हा कामाच्या जागी वापरायचा दणकट फोन २०२४ साली भारतातही आला. झाकण उघडतं, ४०५० एमएएचची बॅटरी निघते आणि तरीही ‘आयपी६८’ दर्जा आहे. जाडी १०.२ मिलिमीटर, वजन २४० ग्रॅम. त्याच सुमाराचा, त्याच जातीच्या प्रोसेसरचा गॅलॅक्सी ए१५ ५जी बंद पाठीचा आहे: ५००० एमएएच, ८.४ मिलिमीटर, २०० ग्रॅम. एक्सकव्हरची सगळी जाडी बॅटरीमुळे नाही, त्याला आपटण्यापासून वाचवणारी चौकटही आहे. पण जाडी वाढूनही साठवण जवळपास हजार एमएएचने कमी, ही या जोडीतली ठळक गोष्ट.

आता थोडा हिशेब करू. समजा, बंद फोनची ५००० एमएएचची बॅटरी हजार चक्रं टिकणारी आहे. रोजच्या ८० टक्के वापराने साडेतीन वर्षांनी ती ४००० एमएएचवर येईल. म्हणजे काढता येणाऱ्या बॅटरीच्या फोनने पहिल्या दिवशी जेवढं दिलं, तेवढं बंद फोन साडेतीन वर्षांनी देत असेल. तोवर सरशी बंद फोनचीच. त्यानंतर पारडं फिरतं. झाकणवाल्या फोनमध्ये नवी बॅटरी दोन मिनिटांत पडते, आणि बंद फोनच्या मालकाला सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

हा फेरा किती जड आहे, त्यावर निवड ठरते. फोन २० हजारांचा आणि बॅटरी बदलण्याचा मजुरीसह खर्च २ हजार धरला, आणि त्याने फोन आणखी दोन वर्षं चालला, तर वर्षाला हजार रुपये पडले. नवा फोन तेवढ्याच किमतीचा घेऊन पाच वर्षं वापरला तरी वर्षाला चार हजार पडतात. मजुरीचे पाच-सातशे रुपये वाचवण्यासाठी पहिल्या दिवसापासून हजार एमएएच कमी आणि खिशात जास्त वजन बाळगणं बहुतेकांना परवडणारं नाही. ते परवडतं ज्यांचा फोन दिवसभर थांबूच शकत नाही त्यांना: शेतात किंवा साइटवर मोजणी करणारे, गोदामात स्कॅनिंग करणारे, जंगलात फिरणारे. त्यांना दुपारी भरलेली बॅटरी घालून फोन पुन्हा शंभर टक्क्यांवर हवा असतो. पॉवर बँकेची वायर लोंबकळत ठेवून ते काम होत नाही.

आपल्याकडे काय

भारतात असा नियम नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, आणि वस्तू दुरुस्तीला किती सोपी हे सांगणाऱ्या निर्देशांकावर नेमलेल्या समितीने २०२५ साली अहवाल दिला. फोनच्या कोणत्या भागांवरून गुण द्यायचे त्यात बॅटरी आहेच. पण बॅटरी कशी निघावी, किती चक्रं टिकावी, हे बंधन आपल्या कंपन्यांवर अजून नाही. युरोपातल्या नियमाचा फायदा आपल्याला मिळतो तो आडवाटेने. जे मॉडेल तिथे आणि इथे एकच आहे, त्याची बॅटरी आणि रचना सहसा तीच असते. तेव्हा असा फोन घेताना त्याच्या युरोपीय लेबलवरचा चक्रांचा आकडा इंटरनेटवर पाहून घ्यावा. फक्त भारतासाठी काढलेल्या मॉडेलला मात्र हे लागू होत नाही.

लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतल्या सौम्य तापमानातला असतो, हेही लक्षात ठेवायला हवं. भरलेली बॅटरी आणि उष्णता ही जोडी झीज वेगाने वाढवते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात डॅशबोर्डवर नकाशा लावून, चार्जिंगला जोडून ठेवलेला फोन हजार चक्रं गाठेलच असं नाही. रिक्षा, टॅक्सी आणि डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांनी बॅटरी दोन-अडीच वर्षांत बदलावी लागेल असंच धरून चालावं. ज्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल, ती या लोकांनी आधी चालू करावी.

आणि आपल्याकडे झाकण असतानाही खरी अडचण वेगळीच होती, हे विसरून चालणार नाही. फोन उघडायचा, पण तीन वर्षांनी त्या मॉडेलची ओरिजिनल बॅटरी मिळायची नाही. दुकानात मिळायची ती कॉपी. तिच्यावर मूळपेक्षा मोठा एमएएच आकडा छापलेला आणि वजन मात्र हलकं. ती ४० टक्क्यांवरून एकदम १५ वर यायची आणि काही महिन्यांत फुगायची. बॅटरी निघते की नाही यापेक्षा ती मिळते की नाही हे महत्त्वाचं. युरोपच्या नियमातला सात वर्षं सुट्या भागांचा मुद्दा म्हणूनच झाकणापेक्षा मोलाचा आहे. जास्तीची बॅटरी आजच घेऊन कपाटात ठेवणं हाही उपाय नाही, कारण ती तिथेही झिजत राहते.

म्हणून नवा फोन घेताना विचारायचे प्रश्न तीन. या मॉडेलची बॅटरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आज किती रुपयांत बदलून मिळते? बरेचदा हा दर कंपनीच्या वेबसाइटवर असतो. नसेल तर सेंटरला फोन करून विचारावा. उत्तर टाळलं गेलं तर तेही एक उत्तरच आहे. ते सेंटर आपल्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात आहे का, की फोन कुरियरने पाठवून आठवडाभर हात चोळत बसायचं? आणि सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत येणार? चौथ्या वर्षी अपडेट थांबणार असतील, तर पाचव्या वर्षासाठी घातलेली बॅटरी बँकेचं ॲप सुरक्षित ठेवू शकत नाही.

जुना फोन टाकण्याआधीही तपासणी करावी. आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीखाली तिची कमाल क्षमता दिसते, अनेक नव्या अँड्रॉइड फोनमध्येही ‘बॅटरी हेल्थ’ असा पर्याय असतो. आकडा ८० च्या खाली असेल आणि बाकी फोन ठीक असेल, तर आधी बॅटरी बदलून पाहावी. बाहेरच्या दुकानात बदलायची असेल तर बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघता येतो. पाठ किंवा स्क्रीन एका कडेने उचलली गेली असेल, सपाट टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्जिंगला लावू नये, दाबून पाठ बसवू नये आणि घरी उघडूही नये. फुगलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये द्यायची.

तेव्हा २०२७ साठी खरेदी अडवून ठेवण्याचं कारण नाही. त्या तारखेला दुकानांत झाकणवाल्या फोनची रांग लागणार नाही, आणि फोनसाठीचे जे नियम उपयोगाचे आहेत ते युरोपात आधीच सुरू झालेत. बॅटरी दिवसातून दोनदा बदलावी लागत असेल तर झाकणवाला फोन घ्या आणि त्याची जाडी सोसा. बाकीच्यांनी बंद पाठीचाच घ्यावा, मात्र चक्रांचा आकडा, बॅटरीचा दर आणि अपडेटचं शेवटचं वर्ष या तीन गोष्टी बिल करण्याआधी हातात असाव्यात. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलविषयी दुकानदाराला जितके प्रश्न विचारले जातात, त्याच्या निम्मे जरी या तिन्हींवर विचारले गेले, तरी उत्तरं तयार ठेवणं कंपन्यांना भाग पडेल.